पाठकोऱ्या कागदावरचा नकाशा आणि एकटी खुंटी



आज आपण कार्यालयातल्या वायरींविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, ते तर वायरिंगवाल्या दादाचं काम. पण दादा रोज आपल्याकडे बसलेला नसतो, आणि इंटरनेट बंद पडतं ते नेमकं महिनाअखेरीला, कर्जाच्या नोंदी भरायच्या दिवशी. आमच्या प्रभागसंघाच्या कार्यालयात गेल्या पावसाळ्यात दोनदा असं झालं. गटांच्या बाया एसटीने आल्या, दिवसभर बाकावर बसल्या आणि संध्याकाळी कागद न होता परत गेल्या. एका गटाचा कर्जाचा प्रस्ताव त्यामुळे पुढच्या महिन्यावर गेला. त्या बाईला बियाण्याला पैसे पेरणीच्या आधी हवे होते, नंतर नव्हे.

बिघाड कुठे होता हे तेव्हा कोणालाच नीट सांगता येईना. आमच्याजवळ होता फक्त एक फोटो. वायरिंग करणाऱ्या मुलाने काम संपवताना कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पेनाने एक चित्र काढलं होतं. चौकोन, चौकोनांना जोडणाऱ्या रेघा आणि वर एक ढग. लेखापाल ताईंनी तेव्हा मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवला होता. तो मुलगा आता पुण्यात नोकरीला आहे आणि मूळ कागदही राहिलेला नाही. त्या फोटोवरून आम्ही वस्तूंची यादी कशी केली आणि कोणती एक वस्तू गेली तर सगळं बसतं हे कसं शोधलं, ते आज सांगतो. इंग्रजीत अशा वस्तूला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात. आम्ही तिला एकटी खुंटी म्हणतो. घरातले सगळे कपडे एकाच खुंटीला टांगले आणि ती निखळली की सगळेच खाली येतात, तसं.

पहिलं काम फोटो वाचता येण्याजोगा करण्याचं. व्हॉट्सअॅपवर फोटो साधा पाठवला की तो लहान करून जातो आणि बारीक अक्षरं पुसट होतात. म्हणून ज्या मोबाइलवर फोटो काढला असेल त्यावरूनच तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. मग अक्षर जसंच्या तसं राहतं. तुमच्याकडे मूळ कागद असेल तर तो टेबलावर सपाट ठेवा, फ्लॅश न लावता दिवसाच्या उजेडात बरोबर वरून फोटो काढा. एक फोटो पूर्ण कागदाचा आणि चार फोटो चार कोपऱ्यांचे जवळून. आम्ही फोटो मोठा करून छापून घेतला आणि लाल पेन घेऊन बसलो.

आता एकच नियम पाळायचा. चित्रातल्या प्रत्येक आकाराला नंबर द्यायचा, मग तो समजो वा न समजो. समजलेल्यांनाच नंबर दिला तर न समजलेली वस्तू यादीतून निसटते, आणि बहुतेक वेळा तीच महत्त्वाची निघते. आमच्या चित्रात ढग धरून १२ आकार निघाले. आमच्या एक मावशी ढग पाहून म्हणाल्या, “हा काय पावसाचा ढग काढलाय का गं?” तर नाही. ढग म्हणजे बाहेरचं इंटरनेट. ढगाला हात लावता येत नाही, म्हणून तो वस्तूंच्या यादीत येत नाही. त्याच्यासाठी वेगळं पान करायचं. त्या पानावर कनेक्शन कोणाच्या नावावर आहे, ग्राहक क्रमांक काय, नोंदलेला मोबाइल कोणाचा, तक्रारीचा नंबर कोणता आणि पैसे कोणत्या तारखेपर्यंत भरलेले आहेत, एवढं हवं. या पानाकडे आपण शेवटी पुन्हा येऊ.

ढगाखाली भिंतीवरची पांढरी डबी होती. बाहेरून येणारी काचेची बारीक तार, म्हणजे फायबर, तिच्यात शिरते. तिला ओएनटी म्हणतात. तिच्याखाली वायफायचा राउटर. त्याच्याखाली स्विच. हा दिव्याचा स्विच नव्हे बरं का. ही एक चपटी डबी असते, तिला एका ओळीत छिद्रं असतात आणि सगळ्या संगणकांच्या वायरी तिथे येऊन मिळतात. एसटी स्टँडवर जशा सगळ्या गावांच्या गाड्या लागतात, तशा. स्विचपासून पुढे हिशेबाचा संगणक, नोंदींचा संगणक, प्रिंटर, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारी पेटी म्हणजे डीव्हीआर, आणि मागच्या मसाला कांडप युनिटातली वायफायची डबी. त्या डबीपासून बिलिंगच्या लॅपटॉपकडे ठिपक्यांची रेघ होती. ठिपक्यांची रेघ म्हणजे तिथे वायर नाही, वायफाय आहे. एका कोपऱ्यात ‘यूपीएस’ लिहिलेला चौकोन होता, त्याला एकही रेघ नव्हती. आणि एक फुली मारलेला चौकोन, त्यात ‘जुना’ एवढंच लिहिलेलं.

अक्षर वाचताना एक गोष्ट आपल्याकडे फार होते. लिहिणारा अर्धे आकडे मराठीत लिहितो, अर्धे इंग्रजीत. मराठीतला चार आणि इंग्रजीतला आठ हाताने लिहिले की सारखेच दिसतात. मराठीतला एक आणि इंग्रजीतला नऊ यांचंही तसंच. आमच्या स्विचच्या चौकोनात एक आकडा होता. काहीजणी चार म्हणाल्या, काहीजणी आठ. यावर वाद घालायची गरजच नाही. लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढायचं आणि पुढे जायचं. खात्री वस्तूजवळ उभं राहून होते. नंतर स्विचची छिद्रं मोजली, ती आठ निघाली.

राउटरजवळही असाच गोंधळ होता. तिथे राउटरचा पत्ता लिहिलेला होता, त्यातला तिसरा आकडा एक की नऊ ते कळेना. हा पत्ता कोणत्याही जोडलेल्या विंडोज संगणकावर दिसतो. स्टार्टमध्ये cmd लिहून एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल, तिच्यात एवढंच टाइप करा:

```
ipconfig /all
```

बरीच माहिती येते, ती पाहून घाबरू नका. त्यातल्या दोनच ओळी आपल्या कामाच्या. Default Gateway पुढे राउटरचा पत्ता असतो. आमच्याकडे तिथे 192.168.1.1 आलं, म्हणजे कागदावरचा आकडा एक होता. दुसरी ओळ Physical Address. दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्यांचा तो नंबर त्या संगणकाची कायमची ओळख आहे, तो यादीत उतरवून घ्या. एका संगणकाला वायरीचा वेगळा आणि वायफायचा वेगळा नंबर असतो. आपण जो वापरतो तो लिहायचा. राउटर, प्रिंटर आणि डीव्हीआरवर हाच नंबर पाठीमागच्या नाहीतर तळाच्या चिकटपट्टीवर छापलेला असतो, त्याच्याजवळ सिरियल नंबरही असतो. चिकटपट्टीचा फोटो काढला तरी चालेल, पण राउटरच्या चिकटपट्टीवर बऱ्याचदा वायफायचा पासवर्डही असतो. तो फोटो गटाच्या ग्रुपवर टाकू नका.

आता रेघांकडे येऊ. यादी म्हटली की आपण वस्तूच लिहितो आणि रेघा सोडून देतो. पण रेघ म्हणजे वायर, आणि वायरही उंदराने कुरतडते, दाराखाली चेंगरते, उन्हाने तडकते. म्हणून प्रत्येक रेघेचीही एक ओळ करायची आणि तिची दोन्ही टोकं लिहायची. आमच्या चित्रात ९ रेघा होत्या. त्यातल्या ८ खऱ्या वायरी आणि १ ठिपक्यांची.

टोकं लिहिली की एक सोपा पडताळा हाती येतो. चित्राप्रमाणे आमच्या स्विचला ६ वायरी यायला हव्या होत्या. एक राउटरकडून आणि पाच पुढच्या वस्तूंच्या. स्विचजवळ जाऊन मोजल्या तर ७. इथे छिद्रात शिरलेल्या वायरीच मोजा, लुकलुकणारे दिवे मोजू नका, कारण पलीकडचं यंत्र बंद असेल तर त्या छिद्राचा दिवा लागेलच असं नाही. सातवी वायर हाताने चाचपत गेलो तर ती कपाटामागे गेली आणि तिचं दुसरं टोक तिथेच मोकळं लोंबकळत होतं. फुली मारलेला ‘जुना’ संगणक पूर्वी तिथे होता. संगणक हलला, वायर राहिली.

मोकळी वायर काय करणार, असं वाटेल. पण झाडलोट करताना कोणी भल्या मनाने ‘ही निघालेली दिसते’ म्हणून ते टोक परत त्याच स्विचच्या रिकाम्या छिद्रात बसवलं तर? वायरीची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये आली की निरोप गोल गोल फिरत राहतात आणि वाढत जातात. आपल्याकडे असतात तसल्या साध्या स्विचला ते थांबवता येत नाही. सगळे दिवे एकदम भराभर लुकलुकू लागतात आणि कार्यालयातलं सगळं ठप्प होतं, अगदी प्रिंटरसुद्धा. असे दिवे दिसले तर आधी शेवटची खोचलेली वायर काढून बघा. आम्ही ती सातवी वायर दोन्हीकडून काढून गुंडाळली आणि ‘जादा’ अशी चिठ्ठी लावून कपाटात ठेवली.

दुसरा फरक मागच्या युनिटात निघाला. चित्रात स्विचपासून युनिटातल्या वायफायच्या डबीपर्यंत सरळ एक रेघ होती. प्रत्यक्षात वायर मधे माळ्यावरच्या एका काळ्या अडॅप्टरमध्ये शिरते आणि दुसऱ्या बाजूने निघून डबीकडे जाते. हा अडॅप्टर इंटरनेटच्या वायरीतूनच डबीला वीजही पाठवतो. दुकानदार त्याला पीओई अडॅप्टर म्हणतो. त्याची पिन कांडप यंत्राच्या बोर्डात होती. मग आमच्या लक्षात आलं की यंत्रावर भार येऊन बटण पडलं की बिलिंगचं इंटरनेट का जातं. इतके दिवस सगळ्यांना वाटायचं की मिरचीची धूळ लॅपटॉपमध्ये जाते.

म्हणजे चित्रात १० वस्तू होत्या आणि यादीत १४ झाल्या. वाढलेल्या चारांपैकी एक हा अडॅप्टर. दोन कॅमेरे. त्यांच्या वायरी थेट डीव्हीआरमध्ये जातात, स्विचला येतच नाहीत, म्हणून त्या मुलाने ते काढले नव्हते. आणि चौथी वस्तू जमिनीवर धूळ खात पडलेला एक्स्टेन्शन बोर्ड. ओएनटी, राउटर आणि स्विच या तिघांच्या पिना त्या एकाच बोर्डात होत्या.

हे जरा सविस्तर सांगायला हवं. अशा चित्रात निरोप कुठून कुठे जातो ते असतं, वीज कुठून येते ते नसतं. म्हणून यादीत ‘वीज कुठून’ असा रकाना स्वतःहून घालावा लागतो, आणि तो भरायला गुडघ्यावर बसून टेबलाखाली बघावं लागतं. आमच्या यादीची एक ओळ अशी आहे: खूण ‘स्वि-१’, वस्तू, ८ छिद्रांचा स्विच, जागा, हिशेबाच्या टेबलाखाली, जोडणी, राउटरचं पहिलं छिद्र, वीज, एक्स्टेन्शन बोर्ड, गेला तर काय थांबेल. हा शेवटचा रकाना सुरुवातीला कोराच ठेवायचा. खुणेची चिठ्ठी वस्तूवरही चिकटवायची, म्हणजे फोनवरून कोणाला सांगताना ‘ती पांढरी डबी’ असं म्हणावं लागत नाही. आमच्याकडे पांढऱ्या डब्या तीन आहेत.

रेघ नसलेला तो यूपीएसचा चौकोनही इथेच उलगडला. यूपीएसवर फक्त हिशेबाचा संगणक होता. वीज गेली की संगणक चालू राहायचा, पडदा दिसायचा, पण एक्स्टेन्शन बोर्ड मेलेला, म्हणून इंटरनेट नाही. समोर संगणक सुरू दिसत असल्यामुळे सगळ्यांचा संशय इंटरनेट कंपनीवर जायचा.

आता शेवटचा रकाना भरू. त्यासाठी आधी कार्यालयातली कामं लिहायची, वस्तू नव्हेत. आमची तीन मोठी कामं आहेत. पहिलं, नोंदींच्या संगणकावर कर्जाची ऑनलाइन नोंद. दुसरं, युनिटातलं बिलिंग. तिसरं, हिशेबाच्या संगणकावरून छपाई. प्रत्येक कामाचा रस्ता चित्रावर बोटाने चालायचा. कर्जाची नोंद संगणकातून स्विचला, तिथून राउटरला, ओएनटीला आणि फायबरने बाहेर जाते. बिलिंग लॅपटॉपवरून वायफायच्या डबीला, अडॅप्टरला, मग स्विचला आणि पुढे त्याच वाटेने. छपाई संगणकातून स्विचला आणि तिथून प्रिंटरला. छपाईला बाहेरचं इंटरनेट लागतच नाही.

रस्ते चालून झाले की एकेका चौकोनावर बोट ठेवून तो झाकायचा आणि विचारायचं, आता कोणतं काम अडलं? प्रिंटर झाकला तर एकच काम अडतं. राउटर झाकला तर दोन. स्विच झाकला तर तिन्ही. आणि एक्स्टेन्शन बोर्ड झाकला तर त्याच्यावरचे तिघेही एकदम जातात. बैठकीत सुरुवातीला विचारलं होतं तेव्हा बहुतेक जणींनी ढगाकडे बोट दाखवलं होतं. प्रत्यक्षात आमची सर्वांत मोठी एकटी खुंटी निघाली दोन-तीनशे रुपयांचा बोर्ड, जो झाडू लागला तरी सैल व्हायचा.

पण खुंटी सापडली म्हणजे लगेच दुसरी विकत आणायची, असं नाही. आमच्या अध्यक्षाताईंनी तिथे एक चांगला प्रश्न काढला: हे काम किती वेळ थांबलं तर चालेल? प्रिंटर एकच आहे, पण चौकात झेरॉक्सचं दुकान आहे, दोन दिवस भागतं. डीव्हीआर बंद पडला तर कोणाचंच काम अडत नाही. बिलिंग बंद पडलं तर बिलबुक आहे. क्यूआरवर पैसे गिऱ्हाईकाच्या मोबाइलवरून येतात, आणि पैसे आल्याचं सांगणाऱ्या आमच्या बोलक्या डबीत स्वतःचं सिम आहे, तिचा आपल्या वायरींशी संबंधच नाही. फक्त कर्जाच्या नोंदीला महिनाअखेरीला अर्ध्या दिवसापेक्षा जास्त थांबता येत नाही. म्हणून पैसा आणि डोकं त्या एका रस्त्यावरच खर्च करायचं ठरलं.

त्या रस्त्यावर वीज पहिली. ओएनटी आणि राउटरसाठी बॅटरीची लहान डबी मिळते, तिला मिनी यूपीएस म्हणतात, किंमत हजार-दीड हजाराच्या आसपास. घेताना जुन्या अडॅप्टरवरचे दोन आकडे बघून जा. आमच्या दोन्ही अडॅप्टरवर १२ व्होल्ट होतं, एकावर १ अँपिअर आणि दुसऱ्यावर २. व्होल्टचा आकडा तोच हवा, अँपिअर तेवढा किंवा जास्त चालतो. पिन बसते म्हणून ९ व्होल्टच्या यंत्राला १२ चा अडॅप्टर लावला तर ते जळू शकतं. नोंदींचा संगणक आणि स्विच यूपीएसवर घेतले. एक्स्टेन्शन बोर्ड काढला आणि भिंतीत कायमचा बोर्ड बसवून घेतला.

स्विच गेला तर? आमच्या राउटरला मागे चार छिद्रं आहेत आणि त्यातलं एकच वापरात आहे. मग स्विच बंद पडल्या दिवशी दोन्ही संगणक आणि प्रिंटर सरळ राउटरमध्ये खोचायचे. तीन वायरी, चार छिद्रं, काम भागलं. एक रुपयाही लागला नाही. मात्र वायरी तिथपर्यंत पुरतात का ते आधी बघितलं पाहिजे. प्रिंटरची पुरत नव्हती, तिथे ती ‘जादा’ वायर उपयोगी पडली.

राउटरचं जरा वेगळं आहे. तो तालुक्याला दुकानात मिळतो, पण नवा राउटर नुसता खोचून इंटरनेट सुरू होईलच असं नाही. काही कनेक्शनमध्ये कंपनीने दिलेलं यूजरनेम आणि पासवर्ड राउटरच्या आत भरलेलं असतं. राउटर जळाला की तेही गेलं. आमच्याकडे तसंच होतं आणि ते फक्त त्या पुण्याच्या मुलाला माहीत होतं. त्याला फोन केला, म्हणालो, “बाबा रे, तुझ्या वहीत आहे का बघ.” सुदैवाने होतं. म्हणजे चित्रात नसलेली एक खुंटी हा मुलगाच होता! कोणतीही वस्तू झाकून बघताना माणसंही झाकून बघा.

त्याच दिवशी ढगाचं पान पूर्ण केलं तर आणखी एक निघालं. कनेक्शनला नोंदलेला मोबाइल मागच्या सचिवताईंचा होता. तक्रार करायची, पैसे भरायचे, काही बदलायचं, तर ओटीपी त्यांच्या फोनवर जायचा, आणि त्या आता लेकीकडे सुरतला असतात. नंबर बदलायला कार्यकारिणीचा ठराव केला आणि अर्जासोबत जोडला. सगळे पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात बंद केले. पाकीट तिजोरीत ठेवलं, आणि तिजोरीची किल्ली नेहमीप्रमाणे दोघींकडे. यादीची प्रतही कागदावरच ठेवली. संगणक बंद पडल्यावर संगणकातली यादी कशी उघडणार?

राहिलं फायबर. ते बाहेरचं आहे. रस्त्याचं काम करताना जेसीबीने तोडलं तर आपण काही करू शकत नाही. ओळखायचं कसं ते सांगतो. पांढऱ्या डबीवर एलओएस लिहिलेला दिवा लाल झाला तर तार बाहेर तुटली आहे किंवा डबीत येणारं तिचं टोक मुडपलं आहे. सगळेच दिवे विझले असतील तर गडबड आपल्या विजेची. एवढं तक्रार करताना सांगितलं तरी ‘राउटर बंद करून चालू करा’ यात जाणारा अर्धा तास वाचतो.

फायबर नसेल तेव्हा मोबाइलचं इंटरनेट हा दुसरा रस्ता. बैठकीत सगळ्या म्हणाल्या, त्यात काय, हॉटस्पॉट लावू. एका निवांत बुधवारी, बारा वाजता, आम्ही मुद्दाम फायबरचं कनेक्शन राउटरपासून काढलं आणि करून बघितलं. फायबरची काचेची तार आपण ओढायची नसते, ती मोडते. ओएनटी आणि राउटरमधली साधी वायर काढायची. लॅपटॉपला हॉटस्पॉट मिळाला. नोंदींच्या संगणकाला मिळाला नाही, कारण त्या टेबलावरच्या संगणकात वायफायच नाही! तो आजवर वायरीनेच चालला होता. मग मोबाइल चार्जिंगच्या वायरीने संगणकाला जोडला आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू केलं. पहिल्या वायरीने काहीच झालं नाही, दुसरीने झालं. काही वायरी फक्त चार्जिंग करतात, त्यांतून माहिती जात नाही. चालणारी वायर आता संगणकाला दोऱ्याने बांधून ठेवली आहे. हे महिनाअखेरीला पहिल्यांदा करून बघितलं असतं तर काय झालं असतं, ते तुम्हीच समजा.

यातही एक शंका उरते. आपल्या गावाजवळच्या मोबाइल टॉवरलाही बऱ्याचदा फायबरनेच जोडलेलं असतं, आणि ते फायबर त्याच रस्त्याच्या कडेने आलेलं असू शकतं. तसं असेल तर एकाच जेसीबीने दोन्ही रस्ते बंद होतात, आणि कागदावर दोन दिसणाऱ्या खुंट्या प्रत्यक्षात एकाच खिळ्याच्या निघतात. हे बघायचा सोपा मार्ग म्हणजे पुढच्या वेळी फायबर तुटेल तेव्हा कोणकोणत्या कंपनीच्या सिमवर इंटरनेट चालू राहतं ते लगेच लिहून ठेवायचं. आमच्या यादीत त्या ओळीपुढे अजून प्रश्नचिन्ह आहे.

युनिटाकडे जाणारी वायर आम्ही तशीच ठेवली आहे. ती पत्र्यावरून जाते आणि पावसाळ्यात तिचा धोका आहे, कारण कडकडाटात दोन इमारतींमधल्या तांब्याच्या वायरीतून आलेला झटका स्विचपर्यंत पोचू शकतो. तूर्त एवढंच ठरलं आहे की ढग गडगडू लागण्याआधी युनिटातल्या ताईंनी हाक द्यायची आणि लेखापाल ताईंनी ‘युनिट’ अशी चिठ्ठी लावलेली ती वायर स्विचमधून काढून ठेवायची. एकदा गडगडाट सुरू झाला की मात्र वायरींना हात लावायचा नाही.

यादीवर खाली तारीख घातली आहे. कोणी नवी वस्तू जोडली, वायर हलवली की त्याच दिवशी यादीत ओळ बदलायची आणि पुढे सही करायची, बचतीच्या वहीत करतो तशी. तुमच्या कार्यालयात असं चित्र नसेल तर वायरिंगवाला दादा पुढच्या वेळी येईल तेव्हा त्याच्याकडून काढून घ्या, आणि तो जायच्या आत स्विचच्या वायरी त्याच्यासमोर मोजा. चित्रातल्या आणि छिद्रांतल्या जुळल्या नाहीत तर त्यालाच विचारता येईल.